गरमाचे माप खोटे

माझे वडील भिंतीवर लागणार होते. आमच्या घरात भिंतीवर लागायचं तर आधी मरावं लागतं. आजोबा, आजी, मोठे काका, सगळे ती अट पूर्ण करून मगच लागले. बाबांना मात्र हा मान जिवंतपणी, तब्येत ठणठणीत असताना मिळत होता, आणि त्यामुळे गेले आठ दिवस आमच्यापैकी कोणाचंच पाऊल जमिनीवर नव्हतं.

झालं असं, की बाबा जिथे शिकवतात त्या प्रशिक्षण केंद्रात नवी कार्यशाळा बांधली. चौदा लेथ दोन रांगांत, आणि त्यांच्यासमोर चांगली तीस फूट लांब, कोरी, पांढरी भिंत. प्राचार्यांना ती भिंत बघवेना. त्यांनी बाबांना बोलावून सांगितलं, "सर, तुम्ही कविता करता ना? तरुणांना उपदेशपर असं काहीतरी लिहून द्या. येत्या सोमवारी पेंटर येतोय. उद्घाटनालाच वाचू आणि लगेच रंगवायला घेऊ. खाली तात्पर्य मात्र हवं."

बाबा घरी आले ते जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत. वय त्रेसष्ट. आई म्हणाली, "अहो, गुडघे."

बाबा चौतीस वर्षं एका कारखान्यात टर्नर होते. लेथवर लोखंड फिरतं, त्याला हत्यार लावून हवं त्या मापाचं गोल करायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर ते हेच काम पोरापोरींना शिकवू लागले. वर्गात त्यांना 'मायक्रॉन सर' म्हणतात, आणि ते त्यांना ठाऊक आहे, आणि त्यांना ते आवडतं. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आमच्या घराचं दार बसवताना सुताराला तीन वेळा परत पाठवणारा हा माणूस. आईनं नवा कप आणला तरी आधी त्याचा काठ बोटानं फिरवून बघणार. चहा गरम आहे का हे सगळं जग ओठानं बघतं, बाबा कपाला हाताची मागची बाजू लावून बघतात.

त्यांच्या तोंडी एक वाक्य कायम असतं. पाहुणा आला की चहाआधी ते येतं: "चौतीस वर्षांत आपला एकही जॉब रिजेक्ट नाही." जॉब म्हणजे मशीनवर घडवायचा तो भाग. या वाक्याला आई नेहमी उठते आणि गॅस बंद आहे का ते बघून येते. लहानपणापासून मी हे बघत आले, आणि मला वाटायचं आईला गॅसची फार काळजी आहे.

आणि कविता. नात्यातलं एक लग्न, एक निवृत्ती, एक बारसं त्यांनी सोडलं नाही. माझ्या प्रत्येक वाढदिवसाला मला एक कविता मिळाली आहे, एकूण एक्केचाळीस, आणि प्रत्येकीत मी काय करावं हे सांगितलेलं आहे. चौथ्या वाढदिवसाला मला वाचता येत नव्हतं, तरी 'वेळ वाया घालवू नको' असं मला लेखी कळवण्यात आलं होतं. त्यांची पद्धत एकच: आठ अक्षरांची ओळ, दोन ओळींची जोडी, शेवटी यमक. बोटांवर अक्षरं मोजायची. नववं अक्षर आलं की ओळ पुन्हा चकमध्ये, म्हणजे लेथच्या पकडीत, धरायची आणि घासायची. त्यांच्या ओळीत कधी साडेआठ अक्षरं सापडली तर मी नाव बदलीन.

तर भिंतीसाठीची कविता त्यांनी दोन दिवसांत केली. तेरा जोड्या, सव्वीस ओळी. मी शाळेत भाषा शिकवते, म्हणून ती आधी माझ्याकडे आली. बाबा समोर खुर्चीत ताठ बसले, जणू मीच परीक्षक आणि तेच विद्यार्थी. मी वाचायला लागले.

मुलांनो रे ऐका बोल
वेळ आहे अनमोल

आळस हा शत्रू जाणा
शिस्त हाच खरा बाणा

वडिलांचा राखा मान
कामामध्ये असो ध्यान

आणि असंच पुढे. माझा स्वभाव गोड नाही हे मी आधीच सांगून टाकते. मनात आलं की ते जिभेवर येतं, मधे कुठे थांबा नाही. मी कागद खाली ठेवला आणि म्हणाले, "बाबा, हे भिंतीवर गेलं तर पोरं भिंतीकडे पाठ करून उभी राहतील."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अगं, जरा हळू."

"काय चुकलंय?" बाबा म्हणाले. "अक्षरं बरोबर आहेत. यमकं बरोबर आहेत. बोल खोटा आहे का एक तरी?"

"खोटा नाही. तीच तर पंचाईत आहे. हे सगळं खरं आहे आणि सगळ्यांना आधीच माहीत आहे. वेळ अनमोल आहे हे ऐकून आजवर कोणी वेळेवर आलंय का? तुम्ही तरी आलात का?" मग मी पेन्सिल घेतली आणि त्यांच्याच पद्धतीनं मोजायला बसले. "हे बघा. ऐका, जाणा, राखा, टाळा, सोडा, धरा. सव्वीस ओळींत एकोणीस आज्ञा. आणि 'मी' किती वेळा? शून्य. बोलणारा माणूस कुठेच नाही. उंचावरून कोणीतरी ओरडतोय, पण कोण ते दिसत नाही. हा उपदेश कुठल्याही बँकेत लावा, दवाखान्यात लावा, बसथांब्यावर लावा, चालेल. म्हणजेच तो कुठलाच नाही."

"उपदेशाच्या कवितेत उपदेश नको तर काय, विनोद हवा?"

"उपदेश हवा. उपदेशाशी माझं भांडण नाही. पण तो वरून येता कामा नये, आतून वर यायला हवा. आधी काहीतरी घडलेलं दिसलं, कोणीतरी आपटलेलं दिसलं, की पुढची शहाणपणाची ओळ ऐकणाऱ्याच्या मनात आपली आपण तयार होते. तुम्ही ती फक्त उच्चारायची. मग तो म्हणतो, अरे, हे तर मलाच सुचलं होतं. तुमच्या कवितेत घडत काहीच नाही. नुसती शहाणपणं एकावर एक रचलीत."

बाबांनी कागद उलटा करून ठेवला. मला वाटलं दुखावले. पण त्यांचं डोकं आपल्या जागी चालू होतं. ते हळूच म्हणाले, "म्हणजे तुझं म्हणणं, बुश ठोकून बसवलाय."

"म्हणजे?"

"भोकात बुश, म्हणजे धातूची छोटी नळी, बसवायचा असतो. माप बरोबर असलं की तो दाबला की जातो आणि बसतो. पुन्हा हलत नाही. माप चुकलं की पोरं हातोडा घेतात. तोही बसतो, बघणाऱ्याला फरक कळत नाही. पण मशीन चालू झालं की आठवड्यात सुटतो."

"अगदी तेच," मी म्हणाले, आणि मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली. एवढी वर्षं मी नववीला हे शिकवायचा प्रयत्न करतेय आणि मला बुश सुचला नव्हता.

"पण तू म्हणतेस म्हणून तो ठोकलेला, असं नाही," बाबा म्हणाले. "तुझं मत म्हणजे गेज नाही. आपण तपासू."

आता गेज म्हणजे काय, तर भोक बरोबर आहे का हे बघायची दांडी. एका टोकाला लिहिलेलं असतं 'गो', दुसऱ्या टोकाला 'नो गो'. पहिलं टोक भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. वाद घालायचा नाही, दांडी घालायची. बाबांनी त्यांच्या कवितेसाठीही असं गेज शोधून काढलं. गुरुवारी अठरा शिकाऊ पोरापोरींना त्यांनी कविता एकदाच वाचून दाखवली. काही सांगितलं नाही, पाठ करा म्हटलं नाही. शुक्रवारी सकाळी प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली आणि म्हणाले, कालच्या कवितेतलं जे आठवतं ते लिहा, नाव घालू नका.

मला शुक्रवारी दुपारी सुट्टी होती. मी थेट जुन्या कार्यशाळेत गेले. मला राहवतच नव्हतं. बाबा टूल-रूमच्या टेबलावर चिठ्ठ्यांच्या चळती लावत बसले होते आणि त्यांचे कान लाल झाले होते.

'वेळ आहे अनमोल' तीन चिठ्ठ्यांवर. 'शिस्त हाच खरा बाणा' एका चिठ्ठीवर, तीही 'शिस्त हाच खरा खाणा' अशी. एका महाभागानं लिहिलं होतं, 'सर, कविता छान होती, पंखा चालू नव्हता.' तेरा जोड्यांपैकी दहा जोड्या कोणाच्याच चिठ्ठीवर नव्हत्या. त्या अठरा डोक्यांत शिरल्याच नव्हत्या. नो गो.

पण एक चळत उंच होती. सोळा चिठ्ठ्या. सोळांवर तीच जोडी, शब्द न् शब्द बरोबर:

गरमाचे माप खोटे
गार होता होई छोटे

"ही कुठून आली?" मी विचारलं. मी कविता वाचली तेव्हा चौथ्या जोडीनंतर माझं लक्ष उडालं होतं, हे मी त्यांना सांगितलं नाही.

"प्राचार्य म्हणाले, कामाचंही काहीतरी असू दे. म्हणून अकरावी घातली. नुसती भरती आहे ती." बाबा चिठ्ठ्यांकडे बघत होते. "यात उपदेश कुठे आहे? हे तर नुसतं लोखंडाचं आहे."

लोखंडाचं ते असं. लेथवर कट घेतला, म्हणजे हत्यारानं लोखंडाचा थर काढला, की जॉब तापतो, आणि तापला की फुगतो. डोळ्यांना दिसत नाही, पण मायक्रोमीटरला दिसतं. त्या फुगलेल्या जॉबचं माप घेतलं तर ते हवं तेवढं येतं, अगदी तंतोतंत. माणूस खूश होऊन जॉब उतरवतो. तासाभरानं तो गार होतो, आकसतो आणि मापाला कमी पडतो. जास्त असलेलं लोखंड कापता येतं, कमी पडलेलं परत लावता येत नाही. म्हणून शेवटचा कट घेण्याआधी थांबायचं, जॉब गार होऊ द्यायचा, हाताची मागची बाजू लावून बघायची, आणि मगच मोजायचं. खोटं बोलणारा जॉब सगळ्यांत गोड बोलतो, असं बाबा म्हणतात.

सोळा चिठ्ठ्यांतल्या एका चिठ्ठीच्या खाली बारीक अक्षरात प्रश्न होता: 'सर, हे कोणाचं झालं?'

बाबांनी ती चिठ्ठी मला दाखवली नव्हती. मी चळत उचलली तेव्हा ती दिसली. आणि तेवढ्यात ती लिहिणारी दारात उभी. दोन वेण्या, कोपरापर्यंत ऑइल, वर्गातली सगळ्यांत चिवट मुलगी. बाबा घरी तिच्याबद्दल 'ती प्रश्नवाली' एवढंच म्हणतात.

"सर, ती चिठ्ठी माझी आहे," ती म्हणाली. "नाव घालू नका म्हणालात म्हणून घातलं नाही. पण उत्तर हवंय."

"झालं होतं एकाचं," बाबा म्हणाले.

"कोणाचं?"

"होता एक. जुनी गोष्ट आहे."

"मग त्याचं पुढे काय झालं?"

बाबांनी चिठ्ठ्या गोळा केल्या, खिशात घातल्या आणि घड्याळाकडे बघून म्हणाले, "तुझं आटे पाडायचं काम राहिलंय ना? जा." ती गेली. मग ते मला म्हणाले, "चल, घरी जाऊ," आणि अजून सुटायला पाऊण तास होता. चौतीस अधिक आठ वर्षांत बाबा वेळेआधी निघालेले मी पाहिले नव्हते.

शनिवारभर बाबांचं एकच चाललं होतं. टेबलापाशी बसले, बोटांवर मोजलं, लिहिलं, फाडलं. मी दर अर्ध्या तासानं डोकावत होते. माझी अवस्था परीक्षेच्या निकालाच्या दिवशी असते तशी झाली होती. मी आईला स्वयंपाकघरात गाठलं. "आई, तो 'एक' कोण?"

आई भांडी पुसत होती. "मला काय विचारतेस? त्यांना विचार."

"ते सांगत नाहीत."

"मग मी कशी सांगणार? माझ्या हातात कधी लेथ होता का?" आणि ती उठली आणि गॅस बंद आहे का ते बघितलं. गॅस पेटवलेलाच नव्हता.

तिथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अर्धाच पडला, पण पडला. 'एकही जॉब रिजेक्ट नाही' या वाक्याला आई का उठायची ते मला एक्केचाळिसाव्या वर्षी कळलं. तो 'एक' बाबाच होते. मला आधी हसू आलं, मग राग आला. एवढीशी गोष्ट, इतकी वर्षं लपवायची कशाला? चूक कोणाची होत नाही? मी तर रोज करते. मला हेच कळेना, की ज्या माणसानं ही चूक स्वतः केली आहे, तो भिंतीवर 'शिस्त हाच खरा बाणा' का लिहितो. त्याच्या खिशात खरी कविता होती आणि तो उसनी वाचून दाखवत होता.

रविवारी दुपारी मी जाऊन सरळ म्हणाले, "बाबा, ते तुमचंच आहे. मला कळलंय. तेच लिहा."

बाबांनी वर बघितलं. "तेच लिहितोय. पण ते वाचलं तर उद्या अठरा पोरांसमोर माझं काय राहील? मी त्यांना रोज सांगतो, माझा एकही जॉब रिजेक्ट नाही. प्राचार्य तिथे. पाहुणे तिथे. आणि भिंतीवर ते पुसता न येणारं." ते थांबले. "आणि अजून एक आहे. ते तुला नाही सांगणार."

"का?"

"कारण तू लगेच बोलशील."

हे खरं होतं, म्हणून मी गप्प बसले.

सोमवारी सकाळी कार्यशाळा नुसती चमकत होती. चौदा लेथ पुसून ठेवलेले, पोरापोरी नव्या निळ्या कपड्यांत, पाहुण्यांना खुर्च्या. भिंतीसमोर पेंटरचं मचाण उभं, आणि तो वर पाय हलवत बसलेला, हातात आखणीचा दोर. त्यानं भिंतीच्या तळाशी लाल पट्टा आधीच मारून ठेवला होता. प्राचार्य मला म्हणाले, "तो तात्पर्यासाठी. लाल रंगात उठून दिसेल." बाबांच्या खिशात दोन कागद होते, हे मला आईनं येताना रिक्षात सांगितलं होतं. एक जुना, तेरा जोड्यांचा. एक नवा. कुठला निघणार हे तिलाही माहीत नव्हतं. 

बाबा पुढे गेले. चष्मा लावला. खिशात हात घातला, एक कागद काढला, बघितला, परत ठेवला. दुसरा काढला. आणि तो हातात धरून, एकदाही माझ्याकडे न बघता वाचायला लागले.

बावीस वर्षांचा होतो
शेवटचा कट घेतो

निरोप आला दारात
लेक आली रे घरात

 बावीस वर्षांचे बाबा. त्रेसष्टातून बावीस वजा करायला मला बोटं लागली नाहीत. शनिवारी दुपारी मी जन्मले आणि बाबा तासाभरात पोचले, ही गोष्ट मला हजार वेळा सांगितली गेली आहे. ते कामाच्या कपड्यांत आले होते, आणि नर्सनं त्यांना हात धुवायला लावले होते, आणि धुऊनही ते काळेच राहिले होते. ते कुठून आले आणि मागे काय ठेवून आले, हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं.

ऊन जॉब, हाती माप
शून्य दिसे आपोआप

धावलो नि पाहिली ती
सोमवारी शाफ्ट हाती

तीन शतांश तो उणा
तोंड दाखवावे कुणा

शून्य म्हणजे हव्या मापाशी फरक शून्य. ज्यांना शतांश कळतो अशा अठरा जणांसमोर ते वाचत होते. पंपाचा शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, ऐंशी मिलिमीटर जाडीचा, तीन दिवसांचं काम. ज्यावर बेअरिंग घट्ट बसायचं ती जागा तीन शतांश मिलिमीटरनं कमी. जे दाबयंत्रानं दाबून बसवायचं, ते हातानं सरकलं. पोरांच्या चेहऱ्यांवर मला दिसलं, त्यांना ते बेअरिंग सरकताना ऐकू आलं. प्रश्नवालीचा हात तोंडावर गेला. मग सोळा चिठ्ठ्यांवर होती ती जोडी आली, आणि मागच्या रांगेतून पोरं ती बाबांबरोबर पुटपुटली, कोणी न सांगता.

गरमाचे माप खोटे
गार होता होई छोटे

आता शेवटची जोडी राहिली होती. मला वाटलं, मला माहीत आहे काय येणार. घाई करू नका. घाईत घात आहे. तेच येणार, दुसरं काय. घाईत हात पोळला होता तो त्यांचाच, आणि तोही माझ्यामुळे. मी मनातल्या मनात म्हणाले, बाबा, म्हणा, आता तुम्हाला हक्क आहे.

बाबांनी कागद खाली केला. ती जोडी त्यांना पाठ होती.

जायचे ना? मग जावे
माप उद्याला ठेवावे

आणि ते खाली बसले.

 मग प्रश्नवालीनं टाळी वाजवली, आणि मग सगळे, आणि पेंटरनं वरून मचाणावर हात आपटला. मी आईकडे बघितलं. तिनं पदर डोळ्यांना लावला होता आणि ती हसतही होती. "सहा महिने," ती माझ्या कानात म्हणाली, "सहा महिने त्यांना लेथवरून काढून करवतीच्या मशीनवर ठेवलं होतं. केसांत लोखंडाचा भुसा घेऊन यायचे आणि तसेच तुला उचलायचे. मी ओरडायचे. मला म्हणाले, पोरीला कधी सांगू नकोस, तिला वाटेल तिच्यामुळे झालं."

 मी तिच्या हातातला पदर घेतला आणि माझेही डोळे पुसले.

पाहुण्यांचा चहा चालू असताना प्राचार्य बाबांकडे आले. आनंदात होते, पण त्यांच्या मनात तो लाल पट्टा होता. "सर, अप्रतिम. फक्त खाली तात्पर्य म्हणून 'घाई करू नका' एवढं घालू. लहान अक्षरात."

"नाही," बाबा म्हणाले.

"पण बोध तोच आहे ना?"

"तो नाही. मी घाई केली याचं मला कधी वाईट वाटलं नाही. त्या दिवशी जॉब गार व्हायला थांबलो असतो तर पोरगी दोन-तीन तासांनी बघितली असती. तासाभराची पोरगी पुन्हा बघायला मिळते का? मी गेलो ते बरोबर केलं. चुकलो ते एवढंच, की जाण्याआधी मोजलं. जॉब मशीनवर तसाच सोडून जायला हवं होतं. तो कुठे पळून जाणार होता? हे मला समजायला सहा महिने करवत चालवावी लागली. आता तुम्ही खाली 'घाई करू नका' लिहिलंत, तर वरचं सगळं खोटं होईल."

मी मधे बोलणार होते. बोलले नाही. सगळं बोलून झालं होतं, आणि माझ्यापेक्षा चांगलं.

प्राचार्यांनी मान हलवली. पटलं की नाही ते माहीत नाही, पण त्यांनी पेंटरला खूण केली. पेंटर खाली उतरला आणि त्यानं लाल पट्ट्यावर पांढरा हात फिरवला. एका हातानं गेला नाही, गुलाबी दिसत राहिला. दुसऱ्या हातानं गेला.

घरी येताना रिक्षात मी बाबांशेजारी बसले. त्यांचा हात घेतला आणि उलटा करून मागची बाजू बघितली. चौतीस वर्षं तापलेल्या लोखंडाला लावलेली. "तुम्ही मला एक्केचाळीस कविता दिल्यात," मी म्हणाले, "त्यातल्या चाळीस मी वाचल्या नाहीत."

"माहीत आहे," ते म्हणाले. "चौथीला तर तू त्यावर चित्र काढलं होतंस."

दहा-बारा दिवसांनी मी बाबांना घरी न्यायला कार्यशाळेत गेले. सुटायची वेळ झाली होती, घंटा झाली आणि पोरं सायकलींकडे पळाली. भिंतीवर सात जोड्या काळ्या ठळक अक्षरांत, खालची जागा कोरी. बाबा रांगेतून दिवे बंद करत येत होते. तिसऱ्या लेथपाशी ते थांबले. चकमध्ये एक शाफ्ट तसाच धरलेला होता, शेवटच्या कटाचा. मायक्रोमीटर डबीत बंद करून शेजारी ठेवला होता. मशीनच्या हिरव्या झाकणावर खडूनं लिहिलं होतं: 'गरम आहे. घरी भाऊ झालाय. उद्या मोजते.'

बाबांनी शाफ्टला हाताची मागची बाजू लावली. मग तो दिवाही बंद केला, आणि आम्ही बाहेर पडलो.